‘साठ’चे ‘आठ’ झाले: फोनच्या छोट्या स्पीकरसाठी व्हॉइस नोटचा ईक्यू

माझा आवाज खर्जातला आहे आणि रेकॉर्ड करताना फोन तोंडाजवळ धरायची मला वाईट सवय आहे. मागे एका कार्यक्रमाच्या तयारीत मी चाळीसेक सेकंदांची व्हॉइस नोट पाठवली. त्यात एक साधं वाक्य होतं, “खुर्च्या साठ लागतील.” ज्याला पाठवली त्याने फोन समोर ठेवून, हात धुता धुता ती ऐकली आणि आठ खुर्च्या मांडून ठेवल्या. त्याचं चुकलं असं म्हणत मी तीच नोट हेडफोनवर ऐकली, तर ‘साठ’ स्वच्छ ऐकू येत होतं. मग त्याच्या फोनच्या स्पीकरवर, नळ चालू ठेवून ऐकली. आता मलाही ‘आठ’च ऐकू आलं.

म्हणजे फाइलमध्ये ‘स’ होता, तो वाटेत हरवला. ईक्यू म्हणजे आवाजातले खालचे-वरचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करायचं साधन. ‘स’ कुठे हरवला हे समजलं की त्यातल्या कुठल्या पट्ट्यात काय करायचं ते पाठ करावं लागत नाही.

‘साठ’ या शब्दात तीन गोष्टी आहेत. ‘स’ म्हणजे नुसता वाऱ्याचा फुत्कार. त्याचा जोर साधारण ४ किलोहर्ट्झच्या वर असतो आणि तो मुळातच दुबळा असतो. ‘आ’ हा त्यातला दांडगा भाग, त्याचा भर सातशे ते तेराशे हर्ट्झच्या आसपास. शेवटी ‘ठ’चा छोटा स्फोट आणि त्यामागचा श्वास, तो बहुतेक २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये. या सगळ्याखाली गळ्याचं मूळ कंपन चालू असतं, माझ्या बाबतीत ते ११० हर्ट्झच्या जवळपास आहे. पुरुषांचं मूळ कंपन साधारण ८५ ते १८० हर्ट्झ असतं आणि स्त्रियांचं १६५ ते २५५. आवाज भारदस्त वाटतो तो या खालच्या भागामुळे. शब्द मात्र कळतात ते वरच्या भागामुळे, कारण ‘सात’ की ‘साठ’ हे ठरवणारी व्यंजनं तिकडे राहतात.

आता फोनचा स्पीकर. त्याचा पडदा बोटाच्या पेराएवढा आणि तो पुढेमागे हलतो मिलिमीटरच्याही आत. इथे भौतिकशास्त्राचा एक कडक नियम आडवा येतो. आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर पडद्याला चौपट हलावं लागतं. १,००० हर्ट्झवरून ५००, २५०, १२५ असे तीन टप्पे उतरलो की चौपट तीन वेळा, म्हणजे ६४ पट. एवढी हालचाल त्या पडद्याला जमत नाही. म्हणून बहुतेक फोनवर पाचशे-सहाशे हर्ट्झच्या खाली आवाज घसरत जातो आणि माझ्या ११० हर्ट्झपर्यंत जवळजवळ काहीच उरत नाही.

मग फोनवर माझा आवाज मुलासारखा चिरका का वाटत नाही? कारण गळा फक्त ११० हर्ट्झ काढत नाही. त्यासोबत २२०, ३३०, ४४०, ५५०, ६६० अशा पटी निघतात. स्पीकर खालच्या पटी गिळतो, पण वरच्या पटींमधलं ११०-११०चं अंतर तसंच राहतं आणि मेंदू त्या अंतरावरून मूळ स्वर ताडतो. जुन्या टेलिफोनची सगळी मदार यावरच होती. त्याच्या तारेतून फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झ जायचं आणि तरीही पलीकडून कोण बोलतंय ते ‘हॅलो’ला ओळखू यायचं.

फोनवर आवाज पातळ वाटतोय म्हणून खालचा पट्टा वर उचलायचा, ही सगळ्यांची पहिली चूक. माझीही तीच होती. बेस ६ डेसिबलने वाढवला. हेडफोनवर आवाज एकदम भारी झाला. फोनवर मात्र खर्ज तर आला नाहीच, उलट आवाज आणखी दबला आणि मोठ्या शब्दांवर फाटायला लागला.

याची दोन कारणं आहेत. डिजिटल फाइलला एक छत असतं, शून्य डेसिबल, त्याच्या वर काही जात नाही. माझ्या फाइलमधली सगळ्यात उंच शिखरं खर्जाने बनलेली होती. ती छताला टेकली की बाकीचा आवाज वर नेता येत नाही. म्हणजे जो भाग स्पीकर वाजवणारच नाही, तो सगळी जागा अडवून बसलेला आणि ज्या ‘स’वर अर्थ अवलंबून, तो तळाशी. दुसरं कारण फोनच्या आत आहे. बऱ्याच फोनमध्ये स्पीकर फाटू नये म्हणून एक राखणदार सर्किट असतं. पडदा मर्यादेबाहेर हलेल असं दिसलं की ते आवाज आवरतं. फोनच्या घडणीप्रमाणे कधी फक्त खालचा भाग आवरला जातो, कधी सगळाच.

म्हणून पहिलं काम कापायचं. फाइल अशा प्रोग्रॅममध्ये उघडायची ज्यात आवाजाचा आलेख दिसतो. मी ऑडॅसिटी वापरतो, त्यात Analyze मेनूतलं Plot Spectrum चालतं. माझ्या नोटमध्ये ११० आणि २२०च्या आसपास दोन टेकड्या होत्या आणि ८० हर्ट्झच्या खालीही बरंच काही होतं. ते काही माझं बोलणं नव्हतं. पंख्याची घरघर, फोन हातात सरकल्याची धडधड आणि ‘प’, ‘भ’ म्हणताना माइकवर आदळलेला श्वास, असा तो गाळ होता.

तिथे हाय-पास फिल्टर लावला, १२० हर्ट्झवर, दर सप्तकाला १२ डेसिबलच्या उताराने. हा फिल्टर ठरवलेल्या जागेच्या वरचं जाऊ देतो आणि खालचं उतरवत नेतो. ६० हर्ट्झवरची घरघर त्याने साधारण १२ डेसिबल खाली गेली, तर माझं ११०चं मूळ कंपन फक्त ४ डेसिबलच्या आसपास. फोनवर ऐकलं तर आधीच्या आणि नंतरच्या नोटमध्ये काही फरक कळेना. आकड्यांत मात्र शिखरं उणे १ वरून उणे ४ डेसिबलवर आली होती. ऐकण्यात काहीही न गमावता ३ डेसिबलची जागा फुकटात मोकळी झाली.

फोन तसाही खालचं वाजवत नाही, तर सरळ ३०० हर्ट्झपासून कापून टाकू, असा विचार मनात येतोच. फोनपुरतं ते खरंही आहे. पण तीच नोट कुणीतरी इअरफोनवर किंवा गाडीत ऐकणार आणि तिथे आवाज पत्र्याच्या नळकांड्यातून आल्यासारखा वाटेल. जाड पुरुषी आवाजाला १०० ते १२०, पातळ किंवा उंच आवाजाला १५० ते १८० एवढ्यावर मी थांबतो.

पुढचा पट्टा २५० ते ५०० हर्ट्झचा. माइक तोंडाला चिकटवून बोललं किंवा उघड्या भिंतींच्या छोट्या खोलीत बोललं की इथे घुमारा साठतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. नेमकी जागा शोधायची जुनी युक्ती अशी: हेडफोन लावायचे, ईक्यूचा एक अरुंद बँड ८-१० डेसिबल वर उचलायचा आणि नोट चालू असताना तो २०० पासून ५०० पर्यंत सावकाश सरकवायचा. एवढा उचलल्यावर सगळंच वाईट ऐकू येतं, त्याने फसायचं नाही. एखाद्या जागी एकच सूर घंटेसारखा धरून राहतो, ती आपली जागा. मला ती ३५० ला सापडली. मग तोच बँड रुंद केला आणि ४ डेसिबल खाली नेला. याहून जास्त खाली गेलो तर आवाजातला गर जातो, मागे नुसती साल उरते.

या घुमाऱ्याचा आणखी एक त्रास आहे. खालचा मोठा आवाज त्याच्या वरच्या पट्ट्यातल्या बारीक आवाजाला कानातच झाकतो. उलट दिशेने हे फार कमी होतं. त्यामुळे ३५० मधले ४ डेसिबल काढले तेव्हा २ किलोहर्ट्झला हातही न लावता शब्द थोडे पुढे आले. मला वाटतं, ईक्यूतलं निम्मं काम हे असं काढून टाकण्याचंच असतं. पण स्लायडर वर ढकलण्याचा मोह कुणाला आवरतो!

वर ढकलायची एक जागा आहेच, २ ते ४ किलोहर्ट्झची. व्यंजनांच्या कडा इथे असतात, फोनचा स्पीकर इथे जोमात असतो आणि आपल्या कानाची नळीही ३ किलोहर्ट्झच्या आसपासच सगळ्यात जास्त साथ देते. तीन गोष्टी एकाच ठिकाणी जुळून आल्यामुळे थोड्या वाढीनेही मोठा फरक पडतो आणि त्याच कारणामुळे जास्तीची वाढ लगेच टोचते. मी २,८०० हर्ट्झवर रुंद बँडने ३ डेसिबल दिले. ‘ठ’ची कड दिसायला लागली. ६ देऊन पाहिले तर पहिली दहा सेकंदं झकास वाटली, नंतर कुणीतरी कानाशी ताटली वाजवतंय असं झालं. हेडफोनवर जे किंचित कमी वाटतं, ते फोनवर बहुधा बेताचं निघतं.

‘स’साठी आणखी वर, ५ ते ७ किलोहर्ट्झमध्ये, फार तर २ डेसिबल. इथे ऐकून ठरवावं लागतं, कारण काहींचा ‘स’ आधीच शिट्टीसारखा असतो. त्यांच्याबाबतीत हा पट्टा वाढवायचा नाही, उलट ‘स’ आला की तेवढ्यापुरता दाबणारा डी-एसर लावायचा. आणि त्याहून वर, १० किलोहर्ट्झला ‘चमक’ देण्याआधी एकदा आलेख बघा. व्हॉइस नोट १६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटने साठवलेली असेल तर तिच्यात ८ किलोहर्ट्झच्या वर काहीच नसतं. आलेख तिथे कड्यासारखा तुटलेला दिसतो. त्या कड्यापलीकडे कितीही वाढवलं तरी शून्याची पट शून्यच.

एवढ्याने ‘साठ’ सुटला. पण त्याच नोटमध्ये दुसरा एक घोळ होता आणि तो ईक्यूने सुटणारा नव्हता.

नोटच्या शेवटी मी म्हणालो होतो, “शनिवारची तालीम होणार नाही.” मराठीत वाक्याचा सगळा निकाल शेवटी लागतो. क्रियापद शेवटी, ‘नाही’ त्याच्याही मागे. आणि बोलताना श्वास संपतो तोही तिथेच. माझ्या नोटमध्ये ‘शनिवार’ जोरात होता आणि ‘नाही’ त्याच्यापेक्षा बारा-तेरा डेसिबल खाली. शांत खोलीत चालून जातं. नळाच्या आवाजात ऐकणाऱ्याला मिळतं, “शनिवारची तालीम होणार.” ईक्यू पट्ट्या-पट्ट्यातला तोल सांभाळतो, शब्दा-शब्दातला नाही. ‘शनिवार’ला जे ३ डेसिबल मिळाले तेच ‘नाही’ला मिळाले, अंतर तेवढंच राहिलं.

हे काम कॉम्प्रेसरचं. तो एका ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज आवरतो, मग सगळं मिळून वर उचलता येतं आणि मोठ्या-लहान शब्दांमधलं अंतर कमी होतं. मी प्रमाण ३ ला १ ठेवतो, म्हणजे पातळीच्या वर ३ डेसिबल गेलेला आवाज १ डेसिबलच वर जाऊ दिला जातो. पातळी अशी निवडायची की मोठ्या शब्दांवर ४ ते ६ डेसिबल आवरले जातील. पकडायला त्याला ८-१० मिलिसेकंद द्यायचे. त्याहून चपळ केला तर ‘क’, ‘ट’, ‘ठ’ची धारच तो आधी बोथट करतो. एवढं करूनही ‘नाही’ कमी पडला तर सरळ त्या शब्दाची निवड करून तेवढाच ४ डेसिबल वाढवतो. हाताने केलेलं हे काम गावंढळ दिसतं, पण चाळीस सेकंदांच्या नोटमध्ये अशी दोन-तीनच ठिकाणं असतात.

क्रमही महत्त्वाचा आहे. कापणं कॉम्प्रेसरच्या आधी, वाढवणं त्याच्यानंतर. खर्ज तसाच ठेवून कॉम्प्रेसर लावला तर तो प्रत्येक ‘भ’च्या श्वासाला दचकतो आणि शब्द दाबून टाकतो, आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. आणि व्यंजनं आधी वाढवली तर ती तीव्र झाली म्हणून तो परत तीच आवरतो. दिलेलं एका हाताने, घेतलेलं दुसऱ्या हाताने.

ज्यांना संगणकावर ffmpeg या प्रोग्रॅमने एका ओळीत हे उरकायचं आहे त्यांच्यासाठी माझ्या नोटची पूर्ण साखळी अशी होती:

```
ffmpeg -i note.opus -af "highpass=f=120,equalizer=f=350:t=q:w=1:g=-4,acompressor=threshold=-22dB:ratio=3:attack=8:release=120,equalizer=f=2800:t=q:w=0.9:g=3,loudnorm=I=-16:TP=-1.5" -ac 1 -ar 48000 saaf.m4a
```

यात `w` हा बँडचा अरुंदपणा, आकडा लहान तर बँड रुंद. शेवटचं `loudnorm` एकूण मोठेपणा उणे १६ च्या आसपास आणतं आणि शिखरं उणे १.५ च्या वर जाऊ देत नाही. `-ac 1` म्हणजे एकच चॅनल. बोलण्याला दोन चॅनल लागत नाहीत आणि एकाच स्पीकरच्या फोनवर दोन्ही मिसळले जातात तेव्हा ते एकमेकांविरुद्ध असतील तर आवाज चक्क विरून जातो. ५-७ किलोहर्ट्झची वाढ मी या ओळीत ठेवलेली नाही, ती ऐकल्यावरच ठरवायची. आणि -22dB हा आकडा माझ्या फाइलचा आहे. तुमची नोट हळू असेल तर कॉम्प्रेसर जागाच होणार नाही, मग तो आकडा उणे २८ किंवा ३० पर्यंत खाली न्यावा लागेल.

तपासताना कान फसवतात, आणि ते नेहमी एकाच बाजूला: मोठं वाजलं की चांगलं वाटतं. साखळीतून निघालेली नोट मूळ नोटपेक्षा मोठी वाजणारच. म्हणून तुलना करताना मूळ नोटही तितकीच मोठी करून घ्यायची आणि मगच कुठली स्पष्ट ते ठरवायचं. प्रत्येक बदलानंतर फाइल फोनवर पाठवत बसायची गरज नाही. हेडफोनवर काम चालू असताना साखळीच्या शेवटी तात्पुरता ५०० हर्ट्झचा हाय-पास लावला की फोनची कामचलाऊ नक्कल होते. फक्त फाइल जतन करण्याआधी तो काढायला विसरायचं नाही. मी एकदा विसरलो होतो.

शेवटची परीक्षा मात्र खऱ्या फोनवरच. आवाज निम्म्यावर, फोन हातभर लांब, शेजारी नळ किंवा पंखा चालू. शक्यतो दोन वेगवेगळे फोन, कारण प्रत्येक स्पीकर कुठेतरी थोडा जास्त वाजतो, बरेचसे आठशे ते हजारच्या आसपास नाकात बोलल्यासारखे. एकाच फोनचं नाक दाबायला फाइल वाकवली तर दुसऱ्या फोनवर ती बसकी वाजते. आणि ऐकणारा दुसरा कुणीतरी हवा. आपण काय बोललो ते आपल्याला पाठ असतं, त्यामुळे आपल्याला ‘साठ’च ऐकू येणार. त्या माणसाला फक्त आकडे, नावं आणि वाक्यांचे शेवट कागदावर लिहायला सांगायचं.

काही नोटा मात्र या सगळ्याला दाद देत नाहीत. रेकॉर्डिंगच्या वेळीच शिखरं छताला धडकून सपाट झाली असतील तर ती करकर सगळ्या पट्ट्यांत पसरलेली असते, आणि २,८०० वाढवलं की तीच आधी वाढते. फोन लांब ठेवून रिकाम्या खोलीत बोललं असेल तर प्रत्येक शब्दावर मागच्या शब्दाची शेपटी पडलेली असते. शब्द आणि शेपटी एकाच पट्ट्यात राहतात, ईक्यू त्यांना वेगळं करू शकत नाही. मागे पंख्याची सळसळ असेल तर कॉम्प्रेसरने ‘नाही’ वर येतो तसा पंखाही वर येतो. अशी नोट मी आता दुरुस्त करत बसत नाही. पंखा बंद करतो, फोन ओठांपासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरतो, आणि पुन्हा बोलतो. ‘साठ’च्या पुढे ‘सहा आणि शून्य’ असंही जोडतो.